सहा बोल्टांची एक ओळ

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे उघडले, की पहिल्याच पानावर एक चौकट हमखास दिसते. कॅटिया, क्रिओ, एनएक्स, सॉलिडवर्क्स, जीडी अँड टी, प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, कॉस्ट रिडक्शन. प्रत्येक नावापुढे पाचपैकी चार चांदण्या. मुलाखत घेणाऱ्याला या चौकटीतून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही, कारण ढिगातल्या पुढच्या रेझ्युमेतही तीच चौकट असते.

त्याला हवी असते कामाची ओळ. सॉफ्टवेअर, टॉलरन्स, प्रॉडक्टचा टप्पा आणि वाचलेले पैसे या चार गोष्टी प्रत्यक्षात एकाच कामात घडतात. मग रेझ्युमेतही त्या एकाच ओळीत यायला हव्यात. ही ओळ तयार कशी होते, ते एका साध्या पार्टवर पाहता येतं.

ऑइल पंपाचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण घेऊ. ते पंपाच्या बॉडीवर सहा एम ८ बोल्टांनी बसतं. झाकणातली भोकं ९ मिलिमीटरची आरपार आहेत, बॉडीतल्या भोकांना आटे आहेत. ड्रॉइंगवर भोकांच्या जागेचा टॉलरन्स लिहिलाय ०.१ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक भोकाचा मध्य आपल्या ठरलेल्या जागेभोवतीच्या ०.१ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातच पडला पाहिजे. हा आकडा कुठून आला, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘आधीच्या ड्रॉइंगवर होता.’

खरा हिशेब अगदी सरळ आहे. झाकणाचं भोक लहानात लहान ९ मिलिमीटर, बोल्ट मोठ्यात मोठा ८ मिलिमीटर. मोकळी जागा १ मिलिमीटर. ही जागा झाकणाचं भोक आणि बॉडीतलं आट्यांचं भोक यांनी वाटून घ्यायची. निम्मी-निम्मी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.५ मिलिमीटर येतात. दोन्ही भोकं आपापल्या वर्तुळाच्या कडेला, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सरकली तरी बोल्ट आत जाणारच. म्हणजे ड्रॉइंगवरचा आकडा गरजेपेक्षा पाचपट कडक होता.

पण झाकणावरचा प्रत्येकच टॉलरन्स सैल करून चालत नाही. झाकण बॉडीवर नेमक्या जागी बसवायचं काम बोल्ट करत नाहीत. ते करतात दोन डॉवेल पिना. गिअरची शाफ्ट ज्या भोकात फिरते ते भोक बॉडीतल्या भोकाच्या सरळ रेषेत राहतं ते या पिनांमुळे. तिथला घट्टपणा सोडला, तर शाफ्ट तिरकी चालेल, गिअर झाकणाला घासेल. म्हणून पिनांच्या भोकांना हात लावायचा नाही आणि बोल्टांची भोकं मोजायची ती या पिनांपासूनच. टॉलरन्स कुठे सोडला याइतकंच कुठे सोडला नाही हे ज्याला सांगता येतं, त्याला टॉलरन्स कळतो.

आता पैसे. ०.१ चा आकडा पाळायचा म्हणजे व्हेंडरला भारी फिक्स्चर लागतं, मशिनवर पीसमागे जास्त वेळ जातो आणि तपासणीसाठी पीस सीएमएमवर न्यावे लागतात. शिवाय जे पीस पंपावर सहज बसले असते, तेही रिजेक्ट होतात. ०.५ झाल्यावर सहाही भोकं मल्टिस्पिंडल ड्रिलवर एकदम पाडता येतात. ड्रॉइंगवर एमएमसीची खूण दिली असेल, तर तपासणी साध्या गेजवर उरकते. हे गेज म्हणजे एक जाड पाटा. त्यावर पार्ट नेमका बसवायला दोन डॉवेल आणि साडेआठ मिलिमीटरच्या सहा पिना असतात. झाकण त्यावर अलगद खाली बसलं, की भोकांच्या जागा बरोबर. साडेआठ हा आकडाही हिशेबातूनच येतो: भोकाच्या लहानात लहान ९ मिलिमीटरमधून ०.५ वजा.

असं धरू, की यातून पीसमागे ११ रुपये वाचले आणि वर्षाला ४८ हजार झाकणं लागतात. वर्षाची बचत होते ५ लाख २८ हजार. गेज आणि नव्या फिक्स्चरवर १ लाख १० हजार खर्च झाला, तर तो अडीच महिन्यांत भरून निघतो. पहिल्या वर्षी हाती राहतात ४ लाख १८ हजार. रेझ्युमेत खर्च झाकून नुसती ५ लाख २८ हजारांची बचत लिहिणारे बरेच असतात. त्यांना पहिलाच प्रश्न येतो, ‘टूलिंगचं काय?’

बदल कोणत्या टप्प्यावर झाला, यावरही कामाचं वजन ठरतं. पार्ट अजून कॅडमध्येच असेल, तर आकडा बदलणं मिनिटांचं काम. प्रोटोटाइप बनले असतील, तर चाचणीचे निकाल पुन्हा पाहावे लागतात. उत्पादन सुरू झाल्यावर मात्र बदलाची रीतसर नोटीस काढावी लागते, ग्राहकाची मंजुरी घ्यावी लागते आणि वाहन उद्योगात बहुधा पीपीएपीचे कागद नव्याने द्यावे लागतात. चालू उत्पादनात बदल मंजूर करून घेतलेला माणूस डिझाइनबरोबर क्वालिटी, खरेदी आणि व्हेंडर यांच्याशीही बोलू शकतो, हे त्या एका शब्दातून कळतं.

सॉफ्टवेअरचं नाव यानंतर येतं, आणि तेही कामासकट. ‘कॅटियाचं ज्ञान’ यापेक्षा ‘कॅटियात झाकण-बॉडी असेंब्ली आणि उत्पादनाचं ड्रॉइंग’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. पार्ट मॉडेलिंग, सरफेसिंग, शीट मेटल ही वेगवेगळी कामं आहेत. एक येतं म्हणून दुसरं येतंच असं नाही.

सगळं एकत्र केलं, की रेझ्युमेतली ओळ मराठीत साधारण अशी होते: ‘चालू उत्पादनातल्या ऑइल पंपाच्या झाकणाचं कॅटियात टॉलरन्स विश्लेषण केलं, डॉवेलचा टॉलरन्स कायम ठेवून सहा बोल्ट-भोकांचा जागेचा टॉलरन्स ०.१ वरून ०.५ मिलिमीटर केला. सीएमएमऐवजी गेज-तपासणी आणली. पीसमागे ११ रुपये बचत, खर्च अडीच महिन्यांत वसूल.’

या ओळीवर मुलाखतीत अर्धा तास बोलता येतं. बॉडीतलं आट्यांचं भोक तिरकं गेलं तर बोल्ट बसेल का? इथे अडखळायला होतं, कारण निम्म्या-निम्म्या वाटणीत तिरकेपणा धरलेला नव्हता. त्यासाठी टॉलरन्सची हद्द भोकाच्या वर, झाकणाच्या जाडीएवढी मोजावी लागते आणि तशी खूण ड्रॉइंगवर करावी लागते. बचतीचा आकडा अंदाजाचा, की कॉस्टिंग विभागाने मान्य केलेला? हिशेब तुझा, की टीममधल्या सीनियरचा? टीमचं काम असेल, तर ओळीत ‘विश्लेषणाची जबाबदारी’ एवढंच लिहावं. पुढे खोटं उघडं पडण्यापेक्षा ते बरं.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. ग्राहकाचं नाव, मॉडेल नंबर, ड्रॉइंगचा तुकडा आणि पंपाचे खरे भाव ही कंपनीची गुपितं असतात. नोकरीच्या करारात त्यांवर बंदी असते. रुपयांचा आकडा उघड करता येत नसेल, तर पीसच्या किमतीतली घट टक्क्यांत सांगावी. दुसऱ्या कंपनीचं ड्रॉइंग मुलाखतीत दाखवणारा उमेदवार उद्या आपलंही दाखवेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

तेव्हा रेझ्युमे पाठवायच्या आदल्या दिवशी एक कोरा कागद घ्यावा आणि रेझ्युमेतल्या प्रत्येक आकड्याचा हिशेब त्यावर पुन्हा मांडून पाहावा. जो आकडा मांडता आला नाही, तो खोडून टाकावा.