शेवटातच पुढची सुरुवात

पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे खेळ रंगमंचावरचे. तिथे दोन खेळांमध्ये पडदा पडतो आणि मागे मांडामांड होते. जळकोटला लग्नघरी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीकडे जाणाऱ्या पत्तेवाल्याला असा पडदा नसतो. त्याच्या खेळाचा शेवट पुढच्या खेळाची मांडणी करून ठेवणारा लागतो. असा एक शेवट अमेरिकेच्या पॉल करी यांनी १९४२ साली दिला.

त्यासाठी २४ पत्ते पुरतात. वर १२ काळे, खाली १२ लाल. एवढेच गुपित, आणि सुरुवातही त्यावरच उभी आहे. वरच्या गठ्ठ्यातला एक पत्ता प्रेक्षकाने पाहून खालच्या गठ्ठ्यात घालायचा आणि तो गठ्ठा स्वतः पिसायचा. लालांमध्ये काळा एकटाच असतो, त्यामुळे जादूगाराला तो लगेच सापडतो. पत्ता दाखवून झाला की तो काळ्यांत परत जातो. अर्ध्या मिनिटाच्या या खेळाने खरे काम वेगळेच होते. ‘पत्ते मी पिसले’ हे प्रेक्षकाच्या मनात पक्के बसते. मात्र दोन्ही गठ्ठे एकत्र पिसले गेले, तर पुढे काहीच उरत नाही. म्हणून हातात एकच गठ्ठा द्यावा, आणि खांद्यामागे कोणी बसलेले असेल तर हा खेळ करू नये.

आता दोन लाल, दोन काळे बाजूला काढायचे. एक लाल, एक काळा टेबलावर उताणा ठेवायचा. उरलेले पत्ते पालथेच राहतात. प्रेक्षक प्रत्येकाचा रंग अंदाजाने सांगतो आणि पत्ता त्या रंगाच्या रांगेत जातो. हे दहाही पत्ते काळेच असतात. ते संपले की ‘आता बाजू बदलू’ म्हणून उरलेले दोन उताणे पत्ते उलट लावायचे : लाल रांगेत काळा, काळ्या रांगेत लाल. मग लाल दहा पत्ते वाटायचे.

काळ्याने सुरू झालेली रांग आपोआप बरोबर येते. ती प्रेक्षकाला उलटू द्यावी. दुसरी रांग चुकलेली असते : लाल उताणा, काळे, काळा उताणा, लाल. सगळ्यांची नजर पहिल्या रांगेवर असताना ही रांग उचलून टोकाचा लाल उताणा पत्ता दुसऱ्या टोकाला सरकवायचा. आता प्रत्येक उताणा पत्ता आपल्याच रंगाच्या शेवटी येतो. डोळे मिटून सांगितलेले वीसही अंदाज खरे ठरतात.

आवरताना काळे काळ्यांवर, लाल लालांवर ठेवले की कॅट पूर्ववत होतो, आणि कोणाला संशयही येत नाही, कारण रंग वेगळे झालेले सगळ्यांनी आत्ताच पाहिले आहेत. पण नेमके म्हणूनच त्याच बैठकीत ‘पुन्हा करा’ला नकार द्यावा लागतो. रंग वेगळे असल्याचे आता तिथे सगळ्यांना ठाऊक असते. मांडणी तयार असते ती पुढच्या बैठकीसाठी.