पासवर्ड बदलला, पण पिनचे काय?

मागच्या सुट्टीत पुलगावला खालाच्या घरी गेले होते. चहाचा कप हातात ठेवताच खालांनी तक्रार सांगितली, "बेटा, वाय-फायचा पासवर्ड दोनदा बदलला. तरी एक परका मोबाईल यादीत येतोच. तू शाळेत कॉम्प्युटर शिकवतेस, जरा बघ."

आधी घरातले मोबाईल मोजले. नवे फोन कधीकधी आपला पत्ता बदलून जोडले जातात आणि आपलाच फोन आपल्याला परका वाटतो. पण इथे खरोखर एक जास्त होता. मुलांना विचारले, पासवर्ड कुणालाच दिलेला नव्हता. मग राउटर उलटा केला. खालच्या चिठ्ठीवर पासवर्डच्या शेजारी PIN असे लिहून आठ आकडे छापलेले होते, आणि मागे WPS लिहिलेले एक बटण होते.

डब्ल्यूपीएस ही सोय 2007 च्या सुमारास आली. लांबलचक पासवर्ड टाइप करण्याचा त्रास वाचावा, एवढाच हेतू. तिच्या मुख्य पद्धती दोन. एकीत राउटरचे बटण दाबायचे आणि साधारण दोन मिनिटांत प्रिंटर किंवा टीव्हीवरचेही दाबायचे. दोघे आपसात जुळतात. दुसरीत तो आठ आकडी पिन सांगायचा, की राउटर स्वतःच वाय-फायचा पासवर्ड देऊन टाकतो. म्हणून पासवर्ड कितीही वेळा बदला, पिन ज्याच्या हाती आहे त्याला नवा पासवर्डही मिळतो.

आता हा पिन कच्चा का, ते पाहू. आठ आकड्यांच्या दहा कोटी जोड्या होतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो. 12345670 हा काही राउटरमध्ये कारखान्यातूनच येणारा पिन घ्या. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा आकडा मिळवले की 16. त्याची तिप्पट 48. उरलेल्या 2, 4, 6 ची बेरीज 12. एकूण 60. दहाने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटी 0. म्हणजे खरे ओळखायचे आकडे सातच, जोड्या एक कोटी.

तेही चालले असते. पण राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार आकडे चुकले तर तिथेच नकार देतो. एखाद्या पोराने गणिताचे उत्तर विचारावे आणि मास्तरांनी "पहिला अर्धा भाग बरोबर आहे" असे सांगून टाकावे, तसे हे. पहिल्या चार आकड्यांसाठी फार तर 10,000 प्रयत्न, पुढच्या तीनसाठी 1,000. एक कोटीचे झाले 11,000. प्रत्येक प्रयत्नाला तीन सेकंद धरले तर सगळे मिळून नऊ-सव्वानऊ तास. सरासरी त्याच्या निम्मे. शेजारच्या खोलीत लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला की पुरे. श्टेफान फीबॉक या संशोधकाने 2011 च्या डिसेंबरात हे उघड केले. त्यानंतर काही चुकीच्या प्रयत्नांनी थोडा वेळ बंद होणारे राउटर आले, त्याने वेळ वाढला. पण 2014 मध्ये असेही दिसले की काही राउटरच्या आतले यादृच्छिक आकडेच कच्चे असतात. तिथे एका प्रयत्नातली देवाणघेवाण टिपून पिन काढता येतो. तिथे असे थांबवणे कामाचे नाही.

खाला म्हणाल्या, "कुणी फुकट नेट वापरले तर वापरू दे की." पण इंटरनेटवर गेलेल्या गोष्टीवर राउटरचा पत्ता पडतो, वापरणाऱ्याचे नाव नाही. 2008 च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी गेलेला धमकीचा ईमेल सानपाड्यातल्या एका अमेरिकन भाडेकरूच्या वाय-फायवरून निघाला होता, आणि पोलीस आधी त्याच्याच दारी पोहोचले. ते वाय-फाय उघडे होते, तिथे पिनचा प्रश्न नव्हता. पण चौकशी आधी कोणाच्या दारी येते, ते त्यावरून कळते. खाला मग गप्पच झाल्या.

त्यांच्या राउटरला जोडलेल्या फोनवर ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडले (काही ठिकाणी 192.168.0.1 असते, चिठ्ठीवर पाहावे). आतला पासवर्डही चिठ्ठीवरचाच होता, तो आधी बदलला. मग Wireless मध्ये WPS सापडले, त्यावर Disable करून Save केले. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्हींसाठी वेगवेगळे पान होते. एकच बंद केले असते तर दुसरे दार तसेच उघडे राहिले असते. शेवटी वाय-फायचा पासवर्ड बदलला. हा क्रम उलटा केला, तर पिनवरून नवा पासवर्डही जातो.

काही जुन्या राउटरमध्ये Disable केले तरी पिन चालूच राहतो. म्हणून अँड्रॉइड फोनवर वाय-फाय तपासणारे ॲप घेऊन पाहिले. नेटवर्कच्या नावापुढे WPS दिसणे थांबले होते. दिसतच राहिले असते तर सॉफ्टवेअर अपडेट करावे लागले असते, नाहीतर राउटरच बदलावा लागला असता.

घरात बटणाने जुळणारा प्रिंटर असेल आणि राउटरवर पिन वेगळा बंद करता येत असेल, तर फक्त पिन बंद करून बटण ठेवता येते. पण बटणाजवळ येणारे-जाणारे जास्त असतील, दुकान किंवा ट्यूशन घरातच असेल, तर तेही बंदच बरे. राउटर रिसेट केला किंवा कंपनीच्या माणसाने बदलून दिला, की ही सोय अनेकदा पुन्हा चालू होते. खालांनी चिठ्ठीवर पेनाने लिहून ठेवले: "रिसेटनंतर WPS बघणे."