कानाला लावून ऐकायचं बोलणं

लेखी निरोप कुणीतरी स्क्रीनकडे पाहीपर्यंत गुपित राहतो. व्हॉइस नोटचं उलट असतं. मोबाइलच्या पडद्यावर फक्त माइकचं चिन्ह आणि सेकंद दिसतात, मजकूर कुणालाच दिसत नाही. पण वाजवली की तीच नोट खोलीतल्या सगळ्यांची होते. पती-पत्नींपैकी एक जण नोकरीसाठी दूर आणि दुसरा सासू-सासरे, दीर-जावा यांच्याबरोबर एकाच घरात, अशी परिस्थिती असते तेव्हा प्रेमाचं बोलणं जपायचं ते या ऐकू जाण्यापासून. व्हॉट्सॲपवरचे संदेश प्रवासात सांकेतिक रूपात असतात, त्यामुळे वाटेत कुणी ते ऐकण्याची भीती नसते. शेजारच्या पलंगावर बसलेल्या माणसापासून मात्र ही व्यवस्था काहीच वाचवू शकत नाही.

कोकणातल्या अनेक घरांत दिसणारं उदाहरण घेता येईल. नवरा दुबईत कंत्राटी नोकरीला, बायको चिपळूणजवळच्या गावी सासरी. तिथे व्हॉट्सॲप कॉलवर दीर्घकाळ निर्बंध राहिल्यामुळे रोजच्या बोलण्याचा मोठा भार व्हॉइस नोटवर पडतो. दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालतं. तो रात्री साडेआठला खोलीवर येऊन नोट पाठवतो तेव्हा इकडे दहा वाजलेले असतात, सासूबाई अंथरूण घालत असतात आणि जाऊ पलीकडे मुलाला झोपवत असते. नोट ऐकायची ती याच खोलीत.

इथे सर्वांत जास्त धोका पहिल्या दोन सेकंदांत असतो. फोन कानाला लावला की आवाज लाउडस्पीकरऐवजी कानाजवळच्या छोट्या स्पीकरमधून येतो, कारण पडद्याच्या वरच्या कडेला असलेला सेन्सर जवळ काही आल्याचं ओळखतो. पण बहुतेक जण आधी नोट सुरू करतात आणि मग फोन उचलतात. तेवढ्यात सुरुवातीचे दोन-तीन शब्द मोठ्याने वाजून जातात. सेन्सरवर जाड किंवा वाकडी बसलेली काच असेल, तर फोन कानाला लावूनही आवाज बाहेरच येत राहतो. शिवाय घरातला ब्लूटूथ स्पीकर फोनला जोडलेला राहिला असेल, तर नोट थेट स्वयंपाकघरात वाजते.

म्हणून लाडाचं नाव पहिल्या शब्दाला घेऊ नये. ‘अगं, जेवलीस का? आज इकडे फार उकडत होतं’ अशी साधी सुरुवात केली, की ऐकणारीला फोन कानाला लावायला वेळ मिळतो आणि बाहेर गेलेले शब्द कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. अशी सुरुवात म्हणजे लपवाछपवी मुळीच नव्हे. दारातून आत येताना कडी वाजवावी, तशी ती आहे.

दुसरी चूक क्रमाची असते आणि ती फार जणांना माहीत नसते. एकापाठोपाठ आलेल्या व्हॉइस नोटा व्हॉट्सॲप आपोआप एकामागून एक वाजवतं. समजा, त्याने आधी घरासाठी नोट पाठवली: ‘आईला सांग, पैसे टाकलेत, बाबांच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेव.’ लगेच दुसरी नोट फक्त तिच्यासाठी. तिने पहिली नोट सासूबाईंना ऐकवायला लाउडस्पीकरवर लावली, की ती संपताच दुसरी आपसूक सुरू होते. अशा वेळी फोन हिसकून घ्यावा तसा बंद करावा लागतो, आणि त्या घाईनेच घरातल्यांना सगळं कळतं. उपाय सोपा आहे. खासगी नोट आधी पाठवावी, घरची सगळ्यात शेवटी. शेवटच्या नोटेनंतर वाजायला काही उरत नाही. एकाच नोटेत दोन्ही विषय भरणं हे याहून वाईट, कारण तशी नोट ना ऐकवता येते, ना मोकळेपणाने ऐकता येते.

आवाजाबद्दलचा समज बऱ्याचदा चुकीचा असतो. खासगी म्हणून माणूस कुजबुजतो. कुजबुजताना स्वरयंत्र कंप पावत नाही, फक्त श्वासाची फुसफुस उरते. ऐकणारीला शब्द कळत नाहीत म्हणून ती आवाज वाढवते, आणि पुढची नोट नेहमीच्या पट्टीत आली की खोलीभर घुमते. पंखा किंवा रस्त्याची वर्दळ मागे असली तरी हेच होतं. खिडकी लावून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, नेहमीच्या पण खालच्या पट्टीत बोलणं हे कुजबुजण्यापेक्षा सुरक्षित असतं. ते ऐकायलाही गोड लागतं, कारण जिव्हाळा त्या कंपातच असतो.

शब्दांचा प्रश्न उरतो. शृंगारिक विशेषणं कुणाच्याही कानावर पडली तरी ओळखू येतात. दोघांच्या आठवणीतले तपशील तसे ओळखू येत नाहीत. ‘तुझी फार आठवण येते, तुझ्याशिवाय करमत नाही’ हे सासूबाईंनी ऐकलं तर तिला संकोच वाटतो. ‘आज पाऊस आल्यासारखं झालं, गुहागरची छत्री आठवली’ हे त्यांनी ऐकलं तरी तो केवळ पाऊस असतो. एका छत्रीत दोघं किती भिजले आणि तिने कुणाचा हात धरला, हे त्या दोघांनाच ठाऊक. अशा वाक्यात प्रेम उलट जास्त असतं, कारण ते दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. भर मांडवात सगळ्यांसमोर उखाणा घेऊन जोडीदाराचं नाव ओठांवर आणण्याची सवय असलेल्या समाजाला ही वाट नवी नाही. मात्र ठरवून केलेले गुप्त संकेत टाळलेले बरे. ‘काळी पिशवी मिळाली का’ असं रोज ऐकू आलं, की घरातलं कुणीतरी पिशवीबद्दल विचारतंच, आणि मग खोटं बोलणं आलं.

उत्तराचा हट्ट हाही खासगीपणावरचा भार ठरतो. ऐकणं एकवेळ जमतं, पण भरल्या घरात मोबाइलशी बोलणं जमत नाही. नोट वाजवली की माइकचं चिन्ह निळं होतं, आणि वाचल्याच्या खुणा बंद ठेवल्या तरी ही खूण बंद होत नाही. म्हणजे तिने ऐकलं, हे त्याला कळतंच. त्या रात्री तिचं उत्तर दोन लेखी शब्दांत आलं तरी ते पूर्ण मानावं.

मागे काय उरतं, हेही पाहावं लागतं. एकदाच ऐकता येणाऱ्या नोटेची सोय डिसेंबर 2023 पासून आहे. ती नोट पुढे पाठवता येत नाही, पण तिलाही पुन्हा ऐकता येत नाही. प्रेमाची नोट दहादा ऐकण्यासाठीच असते, त्यामुळे ही सोय फारच नाजूक बोलण्यापुरती ठेवावी. चुकून गेलेली नोट दोन दिवसांहून थोडा अधिक काळ दोन्हीकडून पुसता येते, मात्र ती पुसल्याची ओळ मागे राहते. दिराच्या लॅपटॉपवर कधीतरी उघडलेलं व्हॉट्सॲप तसंच चालू राहिलं असेल, तर सगळ्या नोटा तिथेही पोचतात. ‘जोडलेली उपकरणं’ या यादीत तो लॅपटॉप दिसतो आणि तिथूनच तो काढून टाकता येतो. आणि घरात एकच फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर यातला कोणताच उपाय पुरत नाही. तिथे व्हॉइस नोट घरच्या निरोपापुरती ठेवावी, आणि मनातलं बोलणं ती विहिरीवर किंवा बाजाराला एकटी जाते त्या वेळच्या साध्या फोनसाठी राखावं.