मंगळावरचं लोखंड आणि मिलिमीटरचा वेग

२००४ साली ऑपॉर्च्युनिटी या गाडीने मंगळावरच्या मेरिडियानी मैदानात एका खडकाला आपला यांत्रिक हात टेकवला आणि कित्येक तास हलवला नाही. हाताच्या टोकाला जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात घडवलेला मॉसबाउअर वर्णपटमापी होता. त्याला फक्त लोखंडाशी कर्तव्य.

लोह-५७ चं अणुकेंद्रक १४.४ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं. तसंच दुसरं केंद्रक तो किरण सहज शोषेल, असं वाटतं. पण बांधून न ठेवलेल्या होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते आणि उडी तोकडी पडते. सुटा अणूही असाच मागे ढकलला जातो आणि किरणाची सुमारे ०.००२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा त्यात खर्ची पडते. रक्कम क्षुल्लक दिसते, पण किरणाच्या ऊर्जारेषेची रुंदी तिच्याही सुमारे चार लाखांव्या भागाइतकी आहे. मग शोषण कसलं व्हायचं?

रुडॉल्फ मॉसबाउअर हा तरुण हायडेलबर्गला इरिडियमवर प्रयोग करत होता. नमुने थंड केले की शोषण घटेल, अशी अपेक्षा होती, ते वाढलं. घन स्फटिकात अणू जखडलेला असतो आणि स्फटिकाची कंपनं ऊर्जा घेतात ती ठरावीक हप्त्यांतच. त्यामुळे काही वेळा एकही हप्ता दिला जात नाही, धक्का अख्खा स्फटिक पेलतो आणि किरणाची ऊर्जा जवळजवळ शाबूत राहते. गारव्यात असं अधिक वेळा घडतं. १९६१ चं नोबेल त्याला याच शोधासाठी मिळालं.

मोजणीची युक्ती मला शोधाइतकीच आवडते. किरणांचा उगम पुढेमागे हलवायचा, सेकंदाला काही मिलिमीटर, बस्स. एका मिलिमीटरच्या वेगाने किरणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दोन कोटींव्या भागाइतकी बदलते, आणि केंद्रकाला तेवढाही फरक कळतो. आसपासच्या इलेक्ट्रॉनांमुळे रेषा सरकते, विषम विद्युतक्षेत्रात तिच्या दोन होतात, चुंबकीय क्षेत्रात सहा.

मेरिडियानीच्या खडकात रेषांची एक जोडी सापडली. तिचा मध्य धातुरूप लोखंडाच्या तुलनेत सुमारे ०.३७ मिलिमीटरवर होता आणि दोन रेषांत साधारण १.२ मिलिमीटरचं अंतर होतं. ही खूण जॅरोसाइटची. या खनिजाच्या रचनेतच हायड्रॉक्सिल असतं आणि ते आम्लयुक्त पाण्यात तयार होतं. म्हणजे तिथे कधीकाळी पाणी होतं.

जोडी दिसली म्हणून लगेच नाव ठेवता येत नाही. अतिसूक्ष्म कणांच्या हेमॅटाइटमध्ये चुंबकत्वाची दिशा इतक्या झपाट्याने उलटते की सहाऐवजी दोनच रेषा दिसतात. पुरेसं थंड केलं की सहा परततात. शिवाय गाडीवरच्या कोबाल्ट-५७ ची ताकद दर २७२ दिवसांनी निम्मी होत होती. त्यामुळे सुरुवातीला काही तासांत आटोपणारी मोजणी पुढे दिवसच्या दिवस चालू ठेवावी लागली.