मंगळवार, गुरुवार, रविवार

दहा किलोमीटर ६५ मिनिटांत पळणाऱ्या, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या एखाद्या पुणेकर बाईंना जानेवारीतल्या मुंबईच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करायची आहे. हाताशी आठवड्याचे तीनच दिवस. तेवढे पुरतात, पण तिन्ही दिवसांचं काम वेगळं ठेवावं लागतं.

मंगळवारी वेग. दहा मिनिटं हलकं पळून अंग गरम करायचं, मग एक किलोमीटर सव्वासहा मिनिटांत, दोन मिनिटं चालणं, असं चार वेळा. चौथी फेरी पहिलीइतक्याच वेळात व्हायला हवी. ती रेंगाळली, तर सुरुवात जास्त जोरात झाली किंवा पाय आधीच थकलेले होते.

थकवा बहुधा गुरुवारचा असतो. त्या दिवशी पाच किलोमीटर, प्रत्येकी साडेसात मिनिटांनी, म्हणजे पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतकं सावकाश पळायचं असतं. पण तीनच दिवस मिळतात म्हणून बहुतेक जण इथेही जोर लावतात. या आराखड्यात सर्वाधिक बिघडतो तो हाच दिवस.

रविवारी लांब पल्ला, गुरुवारच्याच संथ गतीने. दहा किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला एक किलोमीटर वाढ, चौथ्या आठवड्यात थोडी घट, असं करत अठरापर्यंत. आठवड्याचं निम्मं अंतर एकाच दिवशी पडत असल्याने पोटरी आणि नडगीवर ताण येतो. सोमवारी नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच जागी दुखलं, तर मंगळवार सोडून डॉक्टरांना दाखवावं. नुसते स्नायू आखडले असतील, तर ते साधारण दोन दिवसांत सैल होतात.