प्रश्नानंतरचे तीन सेकंद

शिक्षकाने प्रश्न विचारून झाल्यापासून उत्तर येईपर्यंत किंवा शिक्षक स्वतः पुन्हा बोलू लागेपर्यंत जो अवधी जातो, त्याला प्रतीक्षा-काळ म्हणतात. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतील तासांच्या ध्वनिफिती ऐकून तो मोजला. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार हा अवधी सरासरी एका सेकंदाच्या आसपास होता. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, सोपा करत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. काही शिक्षकांनी हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, न विचारता बोलणारी मुले वाढली आणि गप्प राहण्याचे प्रसंग कमी झाले. मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. शिक्षकांचे प्रश्न संख्येने घटले, पण त्यांत विविधता आली.

रो यांनी आणखी एक अवधी मोजला. मुलाचे उत्तर संपल्यानंतर शिक्षक किती वेळाने बोलतात, हा तो दुसरा अवधी. तोही सेकंदभराचाच निघाला. मूल विचार करताना मध्ये थांबते आणि त्या थांब्यालाच उत्तराचा शेवट समजून शिक्षक "बरोबर, बस" म्हणतात. त्यामुळे वाक्याचा उरलेला भाग, म्हणजे बहुधा कारण, मुलाच्या मनातच राहतो. वर्गातील सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबत आणि मागे पडलेल्यांसाठी एक सेकंदही नाही, असेही रो यांना आढळले. ज्यांना वेळेची गरज जास्त, त्यांनाच तो कमी मिळत होता आणि तसे करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता.

हे निष्कर्ष पाठ्यपुस्तकात वाचून शिक्षकाला माहीत होतात, पण त्याच्या स्वतःच्या वर्गात काय चालले आहे ते त्यातून कळत नाही. तिथे कृतिसंशोधन उपयोगी पडते. समाजमानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये नियोजन, कृती आणि तिच्या परिणामांची पडताळणी अशा चक्राची मांडणी केली. स्टीफन कोरी यांनी 1953 च्या पुस्तकात ती शाळेच्या कामकाजाला लावली. पुढे स्टीफन केमिस आणि रॉबिन मॅकटॅगर्ट यांनी नियोजन, कृती, निरीक्षण आणि चिंतन असे चार टप्पे मांडले. चौथ्या टप्प्यातून सुधारित नियोजन निघते आणि चक्र पुढे सरकते. महाराष्ट्रात डी.एल.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमांमुळे कृतिसंशोधन हा शब्द बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. मात्र अनेक अहवालांत पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी आणि "परिकल्पना सिद्ध झाली" एवढ्यावर काम थांबते. चिंतनाला एक परिच्छेद मिळतो आणि दुसरे चक्र होतच नाही. खरे तर शिक्षकाच्या हाती जे काही लागते, ते बहुतेक वेळा पहिल्या आणि दुसऱ्या चक्राच्या मधेच लागते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. त्यातले आकडे उदाहरणापुरतेच आहेत. सातवीचा वर्ग, पट 38, विषय विज्ञान. शिकवणाऱ्या बाईंची तक्रार अशी की ठरावीक मुलेच उत्तरे देतात. हा झाला अनुभव, त्याला अजून पुरावा नाही. म्हणून काहीही न बदलता त्या आधी दोन तासांचे ध्वनिमुद्रण करतात. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला की मुले थोड्याच वेळात त्याला विसरतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेतलेली असते. मुद्रण कशासाठी आणि कोण ऐकणार, हे मुलांना आणि पालकांना सांगितलेले असते. घरी प्रत्येक तासातली वीस मिनिटे ऐकून बाई वहीत चार रकाने भरतात: प्रश्न जसाच्या तसा, नंतर किती सेकंद शांतता, उत्तर कोणी दिले आणि उत्तर किती शब्दांचे. उत्तर देणाऱ्या मुलांवर वर्गाच्या बैठक-आराखड्यात खुणा होतात. आवाजावरून मूल ओळखावे लागत असल्याने हे काम त्याच दिवशी उरकलेले बरे.

वही भरल्यावर दोन गोष्टी दिसतात. वीस मिनिटांत तीसेक प्रश्न आहेत, पण बोललेली मुले सहाच आणि ती सगळी पुढच्या दोन बाकांवरची. शांतता सेकंदाच्या आत मोडते. बाईंना वाटत होते की आपण बराच वेळ थांबतो. बोलणाऱ्याला स्वतःची शांतता फार लांब भासते, म्हणून आठवणीवर विसंबता येत नाही.

पहिल्या चक्राचे नियोजन मुद्दाम छोटे ठेवायचे असते. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर परिणाम कशाचा, ते उमगत नाही. बाई ठरवतात की प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे, तोवर कोणी हात वर करायचा नाही आणि मगच एका मुलाचे नाव घ्यायचे. नाव आधी घेतले तर बाकीचे सदतीस जण विचार करायचे थांबतात, म्हणून क्रम हाच ठेवायचा. काय तपासायचे तेही आधीच लिहून ठेवले जाते: वेगवेगळी किती मुले बोलली आणि उत्तरांची लांबी वाढली का. मुदत तीन आठवडे, मुद्रण आठवड्यातून एकदा.

कृती सुरू झाल्यावर अडचणी समोर येतात. पहिल्या आठवड्यात बाई थांबतात खऱ्या, पण त्या शांततेत तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारतात. मुद्रणात ते स्पष्ट ऐकू येते. विचार करणाऱ्या मुलाला दर वेळी नवा प्रश्न ऐकावा लागतो, म्हणजे थांबणे वाया गेले. पुढच्या बाकांवरची मुले "बाई, मी सांगू?" म्हणून उठतात. काही मुले शांततेचा अर्थ "आपले चुकले" असा लावतात आणि बरोबर उत्तर मागे घेतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात बाई मुलांना नियमामागचे कारण सांगतात: ही वेळ विचारासाठी आहे, उत्तर चुकल्याची खूण नाही. त्यानंतर गोंधळ ओसरतो.

तीन आठवड्यांनी वही सांगते की बोलणारी मुले सहावरून चौदावर गेली. उत्तरे मात्र पूर्वीइतकीच त्रोटक राहिली, दोन-तीन शब्दांची. घाईने लिहिलेला अहवाल पहिला आकडा देऊन संपला असता. चिंतनाच्या टप्प्यात बाई दुसऱ्या आकड्यापाशी थांबतात आणि वहीतला पहिला रकाना, म्हणजे प्रश्नांची यादी, सलग वाचतात. "पाण्याची वाफ होते, या क्रियेला काय म्हणतात?" "पाणी किती अंशांना उकळते?" "म्हणजे वाफ थंड झाली की तिचं परत…?" शेवटच्या प्रकारचे प्रश्न तर अर्धेअधिक आहेत. शिक्षकाने वाक्य अर्धे सोडायचे आणि वर्गाने एका सुरात "पाणी!" म्हणून ते पुरे करायचे. आपल्याकडच्या वर्गांत ही लकब इतकी रुजली आहे की तिला कोणी प्रश्न समजत नाही, पण मोजताना ती प्रश्नांत येते. ज्याचे उत्तर एका शब्दात संपते, तिथे तीन सेकंद दिले काय आणि दहा दिले काय, उत्तर लांबणार कशाने? आठवणीच्या प्रश्नाला मुलाला उत्तर येते किंवा येत नाही. जिथे काही जुळवायचे, ताडून पाहायचे असते, तिथेच थांबण्याला अर्थ येतो. ब्रिटनमध्ये 1999 पासून पॉल ब्लॅक, डिलन विल्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडवे व ऑक्सफर्डशायरमधील सहा शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले. त्या शिक्षकांनाही हाच अनुभव आला: थांबायचे तर थांबण्याजोगा प्रश्न हवा.

दुसऱ्या चक्राचे नियोजन या वाचनातून निघते. पाठटाचणात प्रत्येक तासासाठी दोनच विचारप्रश्न आधी शब्दशः लिहायचे. बाकीचे छोटे प्रश्न जसे यायचे तसे येऊ द्यायचे. या दोन प्रश्नांना मात्र आधी आणि उत्तरानंतरही थांबायचे. मुलाचे उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणायचे नाही आणि लगेच "शाब्बास" म्हणायचे नाही, कारण निकाल ऐकताच बाकीच्यांचा विचार थांबतो. रो यांनीही उत्तराची पुनरुक्ती आणि झटपट शाबासकी यांचा असाच परिणाम नोंदवला होता.

त्यातला एक प्रश्न असा: थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात, ते कुठून? तीन सेकंदांनंतर नाव घेतलेली मुलगी म्हणते, "पेल्यातून झिरपतात." पूर्वी इथे "नाही, तू सांग" आले असते. बाई गप्प राहतात. मुलगी पुढे बोलते, "पण पेला तर स्टीलचा आहे… त्याला भोक नाही." मागच्या बाकावरून न विचारता आवाज येतो, "मग साधं पाणी ठेवलं तर का येत नाहीत?" हा प्रश्न मुलाने मुलीला विचारलेला असतो, त्यात बाई मध्ये नसतात. पुढच्या दोन मिनिटांत हवेतली वाफ हा मुद्दा मुलांच्याच बोलण्यातून येतो. मुद्रणात पाहिले तर त्या मुलीच्या दोन वाक्यांमध्ये चार सेकंद गेलेले असतात.

अशा कामातून काय सिद्ध होते, याची मर्यादा अहवालात लिहायलाच हवी. तुलनेला दुसरा वर्ग नसतो. मुले त्या तीन आठवड्यांत तशीही थोडी धीट झालेली असू शकतात. शेवटचा धडा सोपा असू शकतो. शिवाय मोजणारी आणि शिकवणारी व्यक्ती एकच, तेव्हा मनाला हवे तेच ऐकू येण्याचा धोका असतो. यावर काही साधे उपाय आहेत. मुद्रणाचे तुकडे तारीख न सांगता सहकारी शिक्षिकेला देऊन त्यांच्याकडून शब्द मोजून घ्यावेत. आठवडाभर मुद्दाम जुन्या पद्धतीने शिकवून आकडे पुन्हा खाली जातात का, ते पाहावे. न बोलणाऱ्या तीन-चार मुलांना तासानंतर विचारावे की थांबल्यावर त्यांना काय वाटते. आकडे, सहकाऱ्याची नोंद आणि मुलांचे म्हणणे या तिन्हींचा रोख एकच असेल, तर निष्कर्ष त्या वर्गापुरता भरवशाचा धरता येतो. गुणपत्रिकेतील वाढ या बदलाच्या नावावर लावणे मात्र टाळावे. एवढ्या छोट्या मुदतीत गुण पुष्कळ कारणांनी हलतात.

बैठक-आराखडा शेवटी पुन्हा पाहायचा असतो. उदाहरणातल्या वर्गात अकरा मुलांवर अजूनही एकही खूण नाही आणि त्यांतली बरीचशी खिडकीकडच्या रांगेत आहेत. त्यांना थांबण्याचा वेळ मिळाला, तरी नाव घेतले जाण्याची पाळी आली नाही. नावे कोणत्या क्रमाने घेतली जातात, हा तिसऱ्या चक्राचा विषय होतो. तिथे बाई हजेरीच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून नाव काढतात आणि उरलेल्या सगळ्या गोष्टी दुसऱ्या चक्रातल्याप्रमाणेच ठेवतात.