तेवीस फाकांचे वर्तुळ

2011च्या जनगणनेतली मातृभाषांची आकडेवारी वृत्तालेखात मांडून पाहा. आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषा आणि उरलेल्या सगळ्यांची मिळून एक, अशा तेवीस फाका होतात. हिंदीची 43.63 टक्क्यांची फाक लगेच ओळखू येते. पण मराठी (6.86) मोठी की तेलुगू (6.70)? वर्तुळाचे 360 अंश असल्यामुळे एक टक्का म्हणजे 3.6 अंश. त्या हिशेबाने मराठीचा कोन सुमारे 24.7 अंश होतो आणि तेलुगूचा 24.1. अर्ध्या अंशाचा हा फरक डोळ्यांना कळतच नाही. शिवाय प्रत्येक फाक वेगळ्या दिशेला तोंड करून असते, त्यामुळे एकीवर दुसरी ठेवून ताडता येत नाही. कोकणीची अवस्था तर आणखी वाईट. आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात तिच्या 0.19 टक्क्यांच्या वाट्याला परिघाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. त्यातच तेवीस रंग. कोणता रंग कोणत्या भाषेचा, हे शोधत नजर आकृती आणि रंगसूची यांच्यात हेलपाटे घालते.

त्रिमितीय, तिरपा वृत्तालेख तर मी कधीच वापरू देणार नाही. त्यात समोरची फाक तिच्या खऱ्या वाट्यापेक्षा मोठी दिसते.

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 साली माणसे आलेख कसे वाचतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरची स्थाने माणूस अचूक ताडतो, कोन ताडताना मात्र अधिक चुकतो, असे त्यांना आढळले. म्हणून अशा आकडेवारीला आडवा स्तंभालेख बरा. सगळे स्तंभ एका उभ्या रेषेपासून निघतात. डावीकडे भाषेचे नाव सरळ लिहिता येते आणि रंगसूची लागत नाही. मराठी आणि तेलुगू यांच्यातला फरक इथेही बारीकच राहतो, पण उतरत्या क्रमाने लावले की दोन्ही स्तंभ एकाखाली एक येतात आणि फक्त त्यांची टोके पाहायची असतात. टोकाशी आकडा लिहिला की शंका उरत नाही.

पण एवढ्याने कोकणीला न्याय मिळत नाही. हिंदीचा स्तंभ 12 सेंटिमीटरचा काढला, तर कोकणीचा पुन्हा अर्ध्या मिलिमीटरचाच होतो. अशा वेळी एक टक्क्याखालच्या भाषा ‘इतर’मध्ये टाकून मोकळे होतात. गोव्यातल्या वाचकाला नेमके तेच हवे असेल, तर ते कसे चालेल? संथाळी, काश्मिरी, नेपाळी, सिंधी, डोगरी, कोकणी, मणिपुरी आणि बोडो यांचा शेजारी दुसरा स्तंभालेख काढावा आणि मोजपट्टी वेगळी आहे हे ठळक लिहावे. तिथे संथाळीच्या 0.61 टक्क्यांना 12 सेंटिमीटर दिले की कोकणीला पावणेचारच्या आसपास मिळतात. 24,821 लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली संस्कृत मात्र तिथेही दिसणार नाही. ती आकड्यानेच सांगावी.

हिंदी मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी की जास्त, एवढेच दाखवायचे असेल, तर दोन फाकांचे वर्तुळ जरूर काढावे. तिथे अर्ध्या वर्तुळाची रेषा प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली असते.